नव्या फोनला जॅक नाही: तारेचे ईअरफोन लावायला दोन अडॅप्टर घेतले, एक मुका, दुसऱ्याचा आवाज अगदी बारीक

षड्ज
नमस्कार. मी मिरजेला राहते आणि घरून गाणं शिकवते. निम्मे विद्यार्थी समोर बसतात, निम्मे व्हिडिओ कॉलवर. मागच्या महिन्यात जुना फोन बंद पडला आणि नवा घेतला, त्याला ईअरफोनचं भोकच नाही, फक्त टाइप-सी. ब्लूटूथ वापरून पाहिलं. तानपुऱ्याच्या अ‍ॅपबरोबर गाताना चालतं, कारण तो सलग सूर असतो. पण तबल्याचा ठेका लावून स्वतःचा आवाज त्याच फोनवर रेकॉर्ड केला की सम पुढेमागे होते. कानात ठेका उशिरा येतो, मी त्याच्यावर गाते, आणि रेकॉर्डिंगमध्ये सगळं ओढल्यासारखं ऐकू येतं. त्यामुळे मला तारच हवी आहे.

स्टेशनजवळच्या दुकानातून १५० रुपयांचा अडॅप्टर आणला. तो लावला की फोनवर एक सूचना येते, `Analog audio accessory detected`, आणि आवाज फोनच्या स्पीकरमधूनच येत राहतो. मग दुसरा ऑनलाइन मागवला, जरा महाग. त्यातून आवाज येतो, स्वच्छही आहे, पण अगदी बारीक. फोनचा आवाज पूर्ण वाढवला तरी पंखा चालू असेल तर मंद्र सप्तकातलं नीट कळत नाही. हेच ईअरफोन जुन्या फोनला निम्म्या आवाजावर पुरत होते.

दोन प्रश्न आहेत. फोनमध्ये दोष आहे का? आणि अडॅप्टरमधून ऐकल्याने आवाजाचा दर्जा उतरतो का?

सह्यकडा
ताई, फोन सर्व्हिस सेंटरला दाखवा. प्रत्येक फोनमध्ये डिजिटलचा आवाज करणारी चिप असतेच, नाहीतर स्पीकर कसा वाजेल? अडॅप्टर म्हणजे एका टोकाला टाइप-सी आणि दुसऱ्या टोकाला जॅक, मध्ये नुसती तार. पहिला वाजत नाही म्हणजे पोर्टमधल्या पिना नीट लागत नाहीयेत. माझ्या भावाच्या फोनला असलाच स्वस्तातला अडॅप्टर आहे, चार वर्षं चालतोय.

सोल्डरगन
सह्यकडा, तुमचं निम्मं बरोबर आहे. फोनमध्ये ती चिप असतेच. पण तिने तयार केलेला आवाज टाइप-सी पोर्टपर्यंत आणून सोडायचा की नाही, हे फोन बनवणारा ठरवतो. तुमच्या भावाच्या फोनमध्ये तो आणलेला आहे. अशा फोनला आतून तार असलेला अडॅप्टर लावला की पोर्टमधल्या ज्या दोन तारांवरून एरवी यूएसबीचा डेटा जातो, त्यांच्यावरूनच डावा आणि उजवा आवाज बाहेर येतो. जॅक काढायला सुरुवात झाली त्या काळातल्या बऱ्याच फोनमध्ये ही सोय होती. गूगल पिक्सेल आणि सॅमसंगच्या जॅक नसलेल्या वरच्या फोनमध्ये ती नाही. ते पोर्टमधून फक्त डेटा देतात आणि त्याचा आवाज करण्याचं काम अडॅप्टरवर सोडतात. म्हणजे त्यांना लागणाऱ्या अडॅप्टरच्या टोकात एक छोटा डीएसी, म्हणजे डिजिटलचा आवाज करणारी तीच चिप, आणि छोटा अ‍ॅम्प्लिफायर बसवलेला असावा लागतो.

षड्जताई, तुमच्या फोनने दाखवलेली सूचना हेच सांगते आहे. नुसत्या तारेच्या अडॅप्टरमध्ये दोन ठरावीक पिना रोधांमधून ग्राउंडला जोडलेल्या असतात, फोन त्यावरून तो ओळखतो. तुमच्या फोनने ओळखला आणि 'हा माझ्या कामाचा नाही' असं कळवलं. पिना लागल्या नसत्या तर सूचनाही आली नसती. त्यामुळे पहिल्या अडॅप्टरच्या बाबतीत फोन निर्दोष आहे आणि अडॅप्टरही निर्दोष आहे, दोघांची जोडी जमत नाही एवढंच. दुकानदार परत घेत असेल तर देऊन टाका.

दुसऱ्याचं बघू. आधी सांगा: अडॅप्टर लावल्यानंतर आवाज वाढवला होता की आधी? अँड्रॉइड स्पीकरचा, ब्लूटूथचा आणि यूएसबीचा आवाज वेगवेगळा लक्षात ठेवतो. शिवाय सेटिंगमध्ये आवाजावर मर्यादा घालायची सोय असते, ती चालू आहे का पाहा. आणि घरात टाइप-सी असलेला लॅपटॉप असेल तर तोच अडॅप्टर, तेच ईअरफोन, तेच गाणं त्यावर लावून बघा. ईअरफोन कानात घालायच्या आधी लॅपटॉपचा आवाज अगदी कमी ठेवा आणि हळूहळू वाढवा.

अण्णा६२
मी दुकानात जाऊन 'डीएसीवाला द्या' म्हटलं तर तो म्हणाला सगळे सारखेच. पाकिटावरही काही लिहिलेलं नव्हतं. विकत घ्यायच्या आधी ओळखायचा कसा?

सोल्डरगन
अण्णा, बाहेरून दिसत नाही आणि किमतीवरूनही खात्री देता येत नाही. दुकानातल्याच लॅपटॉपला लावून बघायचं. डीएसी असेल तर लॅपटॉपच्या साउंडच्या यादीत एक नवं नाव उगवतं. नुसती तार असेल तर यादी जशीच्या तशी राहते. मात्र हे करताना अडॅप्टरला ईअरफोन जोडलेला ठेवा. काही अडॅप्टर जॅकमध्ये पिन शिरेपर्यंत जागेच होत नाहीत आणि रिकामे लावले की चांगला अडॅप्टरही मुका वाटतो.

न्यूजर्सीकर
माझ्याकडे आयफोन १५ आणि अ‍ॅपलचाच छोटा पांढरा अडॅप्टर आहे. आवाज भरपूर, कधी पाऊण वरती न्यावा लागला नाही. षड्जताईंनी तोच घ्यावा, भारतातही मिळतो.

सोल्डरगन
अडॅप्टर उत्तम आहे यात वाद नाही, पण ताईंचा फोन अँड्रॉइड आहे, आणि तिथेच नेमकी मेख आहे. ताईंचं लॅपटॉपचं उत्तर आलं की लिहितो. त्या अडॅप्टरचे दोन प्रकार आहेत, अमेरिकेतला `A2049` आणि युरोपातला `A2155`. पहिला जास्तीत जास्त १ व्होल्ट देतो, दुसरा साधारण त्याच्या निम्मा, कारण युरोपात आवाजावर कायद्याची मर्यादा आहे. व्होल्ट निम्मे झाले म्हणजे ६ डेसिबल गेले. कानाला ते 'जरा कमी' असं जाणवतं, निम्मं वाटत नाही. ताई सांगतात तेवढी घट नुसत्या ६ डेसिबलने व्हायची नाही.

मोगरा
मलाही हाच त्रास आहे! माझ्याकडे डीएसीवालाच अडॅप्टर आहे, तरी आवाज कमी येतो. वाद्यं ऐकू येतात, पण गाणाऱ्याचा आवाज अगदी खोल विहिरीतून आल्यासारखा. भावगीत लावलं तर व्हायोलिन आणि बासरी स्पष्ट, शब्द मात्र जवळजवळ नाहीतच. लॅपटॉपवर लावलं तरी तसंच.

सोल्डरगन
मोगरा, तुमचा त्रास वेगळा आहे, आवाज कमी असण्याचा हा प्रकार नाही. एक करून बघा. गाणं चालू असताना ईअरफोनच्या तारेवर माइकपाशी जे बटण आहे ते दाबून धरा. गाणं थांबेल कदाचित, तर पुन्हा सुरू करून दाबा. दाबलेलं असताना शब्द परत येतात का सांगा.

मोगरा
येतात! दाबून धरलं की एकदम सगळं नीट होतं, सोडलं की पुन्हा विहिरीत. हे कसं काय?

सोल्डरगन
तुमचे ईअरफोन जुने आहेत, बरोबर? पिनेवर तीन काळ्या रेघा असतील, म्हणजे धातूचे चार तुकडे. टोकाकडचे दोन डावा-उजवा, आणि मागचे दोन म्हणजे ग्राउंड आणि माइक. या मागच्या दोघांचा क्रम पूर्वी एकसारखा नव्हता. २०१० च्या आसपासच्या काही नोकिया फोनबरोबर आलेल्या ईअरफोनमध्ये तो आजच्यापेक्षा उलटा आहे. त्यामुळे आजच्या अडॅप्टरचं ग्राउंड तुमच्या माइकच्या तारेला लागतं आणि दोन्ही कानांना परतीची वाट उरत नाही. मग डावा आणि उजवा एकमेकांतूनच वाहतात, आणि दोन्हींत जे सारखं आहे ते कटतं. गायक बहुतेक वेळा बरोबर मध्यभागी असतो, म्हणजे दोन्ही कानांत सारखा, म्हणून तोच नाहीसा होतो. व्हायोलिन एका बाजूला असतं ते उरतं. बटण माइक आणि ग्राउंड एकमेकांना जोडतं, म्हणून तेवढा वेळ वाट मोकळी होते.

पिन पूर्ण आत बसली नाही तरी असंच ऐकू येतं, पण बटणाने फरक पडतोय म्हणजे तुमच्याकडे क्रमाचाच घोळ दिसतो. मध्ये लावायला उलटसुलट करणारा छोटा तुकडा मिळतो, पण अडॅप्टरला आणखी एक अडॅप्टर जोडण्यापेक्षा नवे ईअरफोन घ्या.

मोगरा
हो, आईच्या जुन्या फोनबरोबरचे आहेत. पंधरा वर्षं जपून ठेवले होते. आता भाचीचे लावून पाहिले, सगळे शब्द आले. आभार!

षड्ज
सोल्डरगन दादा, सगळं करून पाहिलं. मर्यादेची सोय बंदच होती. आवाज अडॅप्टर लावल्यावरच वाढवला. मुलाच्या लॅपटॉपला लावलं आणि थक्क झाले. तिथे ४० वर ठेवलं तरी पुरून उरतं, ७० ला कान दुखायला लागले. तेच गाणं, तेच ईअरफोन. मग दोष फोनचाच ना?

सोल्डरगन
दोष म्हणण्यापेक्षा दोघांचं बोलणं अपुरं होतंय. गच्चीवरच्या टाकीला एक कॉक असतो आणि मोरीत नळ असतो. नळ पूर्ण सोडला तरी वरचा कॉक पाऊणच बंद असेल तर धार बारीकच येणार. तुमच्या अडॅप्टरच्या आतही स्वतःचा एक आवाजाचा कॉक आहे. लॅपटॉप त्या आतल्या कॉकला हात घालतो, आयफोनही घालतो. बरेच अँड्रॉइड फोन मात्र स्वतःचा नळ तेवढा फिरवतात आणि अडॅप्टरचा कॉक तो जागा होताना जिथे असतो तिथेच सोडून देतात. काही अडॅप्टर जागे होताना बऱ्याच खालच्या आवाजावर असतात. न्यूजर्सीकरांच्या पांढऱ्या अडॅप्टरची हीच कहाणी आहे: आयफोनवर दणदणीत, अनेक अँड्रॉइडवर बारीक. म्हणून मघाशी थांबलो होतो.

खात्री हवी असेल तर घरातल्या साध्या मल्टिमीटरनेही होते. पूर्ण पातळीचा ५० हर्ट्झचा सूर वाजवायचा आणि ईअरफोनच्या जागी पिनेवर एसी व्होल्ट मोजायचे. वीज ५० हर्ट्झची असल्याने स्वस्तातला मीटरही त्या सुराला खरं सांगतो. माझ्याकडच्या एका अडॅप्टरला लॅपटॉपवर साधारण १ व्होल्ट मिळाला, अँड्रॉइड फोनवर त्याच्या निम्म्याहूनही कमी.

उपाय दोन. `USB Audio Player PRO` नावाचं विकतचं अ‍ॅप आहे. ते अडॅप्टरचा ताबा स्वतःकडे घेतं आणि आतला कॉकही उघडू शकतं. त्याच्या सेटिंगमध्ये हार्डवेअरचा आवाज वापरायचा पर्याय निवडायचा. पण ते फक्त त्या अ‍ॅपमधून वाजणाऱ्या गाण्यांपुरतं. तुमच्या व्हिडिओ कॉलला आणि तबल्याच्या अ‍ॅपला त्याचा उपयोग नाही. तुमचं मुख्य काम तेच आहे, म्हणून मी तुम्हाला दुसरा उपाय सांगेन: पूर्ण उघडा जागा होणारा, किंवा आत कॉकच नसलेला अडॅप्टर घ्या. असे भरपूर आहेत. पण पाकिटावर हे कोणी छापत नाही, त्यामुळे स्वतःच्या फोनला लावून ऐकल्याशिवाय घेऊ नका.

रानपाखरू
एक छोटी भर. मी ते अ‍ॅप वापरतो. त्यात एकदा आवाज पूर्ण उघडून अ‍ॅप बंद केलं की अडॅप्टर काढेपर्यंत बाकीच्या अ‍ॅपमध्येही आवाज मोठाच राहतो. माझ्या फोनवर तरी रोज असंच करतो.

सोल्डरगन
माझ्या दोन फोनपैकी एकावर राहतो, दुसऱ्यावर अ‍ॅप बंद होताच पुन्हा खाली येतो. तुमच्या फोनवर चालत असेल तर चांगलंच आहे, पण ताईंना त्या भरवशावर अ‍ॅप विकत घ्यायला मी सांगणार नाही. आणि कॉक उघडा असताना काहीतरी मोठ्याने सुरू झालं तर कानाला धोका आहे, एवढं लक्षात ठेवा.

सह्यकडा
माझी चूक कळली. भावाचा अडॅप्टर माझ्या फोनला लावून पाहिला, तीच सूचना आली. एक विचारतो. घ्यायचाच तर ३२ बिट, ३८४ किलोहर्ट्झवाला का घेऊ नये? साध्यापेक्षा दर्जा तेवढा वर असणारच.

सोल्डरगन
आकडा अडॅप्टर काय स्वीकारू शकतो ते सांगतो, फोन काय पाठवतो ते नाही. अँड्रॉइडमध्ये एरवी सगळ्या अ‍ॅपचे आवाज एकत्र मिसळून बहुतेक वेळा ४८ किलोहर्ट्झवरच बाहेर पडतात. तुमची फाइल सीडीची, म्हणजे ४४.१ ची असेल तर वाटेत तिचं रूपांतर होतं. अँड्रॉइड १४ पासून यूएसबीला न बदललेला आवाज पाठवायची सोय आली आहे, पण अ‍ॅपने ती वापरायला हवी. आणि हे सगळं जमलं तरी ते रूपांतर कानाने ओळखणं फार कठीण आहे. मी स्वतः प्रयत्न केला आहे, मला जमलं नाही.

षड्जताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. चांगला साधा अडॅप्टर जुन्या फोनच्या जॅकपेक्षा वाईट नसतो, पुष्कळदा बराच असतो, कारण जॅकमागची चिप फोनच्या गजबजाटात बसलेली असते. पण तुलना करताना दोन्हींचा आवाज अगदी सारखा करून घ्या. किंचित मोठं असलेलं नेहमी जास्त चांगलं वाटतं, याच कारणाने लोक महागडा अडॅप्टर घेऊन खूश होतात.

षड्ज
मी ऐकून पाहिलं. शेजारच्या मुलीकडून तिचा अडॅप्टर दोन दिवसांसाठी आणला, तिच्या फोनबरोबरच आलेला, अगदी साधा. माझ्या फोनवर ६० टक्क्यांवर भरपूर आवाज आहे. मग जुना फोन कसाबसा चालू करून दोन्हीकडे एकच तानपुरा लावला आणि आवाज जुळवला. जोडीचे तार छेडल्यावर जो झणत्कार मागे रेंगाळतो ना, जवारीचा, तो जुन्या फोनवर थोडा लवकर विझायचा आणि त्याच्या मागे एक बारीक सळसळ असायची. इथे ती सळसळ नाही, म्हणून झणत्कार शेवटपर्यंत ऐकू येतो. माझा कान इतका सूक्ष्म आहे असा दावा नाही, पण सळसळ नक्की गेली. आणि ईअरफोनची रबरी टोपी बदलली तेव्हा खर्जात याहून मोठा फरक पडला, हेही सांगायला हवं.

तबल्याबरोबरचं रेकॉर्डिंगही केलं. सम जागेवर आली. अगदी किंचित मागे आहे असं वाटतं, पण ब्लूटूथसारखं नाही, गाता येतं.

सोल्डरगन
बरोबर ऐकलंत. सळसळ हाच खरा फरक. संवेदनशील ईअरफोनला ती आधी कळते. तारेनेही थोडा उशीर होतोच, फोन आवाज काही तुकड्यांत साठवून पाठवतो, पण तो ब्लूटूथच्या मानाने फारच थोडा.

अण्णा६२
माझा प्रश्न जरा बाजूचा आहे. ताई दिवसभर कॉलवर असतात म्हणजे चार्जिंगही लागत असेल. मी एक दोन तोंडांचा अडॅप्टर घेतला, एकीकडे चार्जर, एकीकडे ईअरफोन. चार्जर लावला की कानात गुंSS असा आवाज येतो. काढला की शांत.

षड्ज
अण्णा, मीही तोच विचार करत होते! सलग तीन शिकवण्या झाल्या की बॅटरी संपायला येते. दादा, याला काय करावं?

सोल्डरगन
अण्णा, आधी चार्जरच्या जागी पॉवर बँक लावून ऐका. पॉवर बँक भिंतीला जोडलेली नको. गुंगाट गेला तर तो चार्जरमधून येतोय, मग दुसऱ्या चार्जरने फरक पडेल. पॉवर बँकेवरही राहिला तर त्या दोन तोंडांच्या अडॅप्टरच्या आतच ग्राउंडची वाटणी वाईट केलेली आहे, त्याला इलाज नाही. आणखी एक, अशा बऱ्याच अडॅप्टरमध्ये जलद चार्जिंग मिळत नाही, फोन संथ चार्ज होतो. कॉल चालू असताना ते पुरेल की नाही हे फोनवर अवलंबून आहे.

अण्णा६२
पॉवर बँकेवर गुंगाट गेला. पण एक विचित्र गोष्ट घडली, दर काही मिनिटांनी आवाज अर्धा सेकंद तुटतो आणि परत येतो. चार्जरवर असं होत नव्हतं.

सोल्डरगन
तुटणं नेमकं किती मिनिटांनी होतं ते घड्याळ लावून लिहा, आणि त्या क्षणी पडद्यावर चार्जिंगची खूण जाऊन परत येते का तेही बघा. खूण जात असेल तर पॉवर बँक फोनशी पुन्हा पुन्हा नव्याने बोलणी करते आहे असा माझा संशय आहे. खूण तशीच राहत असेल तर मला वेगळं काही शोधावं लागेल.

षड्ज
मी तोवर शिकवण्यांच्या मध्ये वीस मिनिटांची सुट्टी ठेवून चार्ज करते आहे. शेजारच्या मुलीचा अडॅप्टर आज परत द्यायचा आहे. उद्या फोन आणि ईअरफोन पिशवीत घालून दुकानात जाते, तिथेच लावून ऐकून घेईन. अण्णा, तुमचं घड्याळाचं उत्तर इथेच लिहा, मला दोन तोंडांचा घ्यायचा की नाही ते त्यावर ठरवायचं आहे.